लोकल नव्हे, धडधड

ठाण्याहून दादरला जाणारी सकाळची लोकल. घाटकोपर सुटलं आणि बँकेत काम करणाऱ्या एका बाईंच्या छातीत धडधडू लागलं, हाताला मुंग्या आल्या, गरगरलं. त्या कुर्ल्याला उतरल्या. ‘पॅनिक अटॅक’साठी समुपदेशकाने दिलेल्या तक्त्यात ‘कशामुळे सुरू झालं’ या रकान्यात त्यांनी एकच शब्द लिहिला: लोकल. (बाई काल्पनिक आहेत, पण तक्ते असेच भरले जातात.)

हे उत्तर अपुरं आहे. त्रासाच्या आधीची दहा मिनिटं आठवायला सांगितल्यावर वेगळंच निघालं. त्या पूल धावत चढल्या होत्या, पोटात कडक चहाशिवाय काही नव्हतं. धडधड त्याची होती, आणि ती जाणवताच मनात आलं, ‘हार्ट अटॅक!’ शरीरातल्या साध्या बदलाचा असा भयंकर अर्थ लावणं हेच पॅनिकचं मूळ, असं डेव्हिड क्लार्क या ब्रिटिश मानसशास्त्रज्ञाने 1986 मध्ये मांडलं. बाईंचा रकाना मग बदलला: ‘धडधड जाणवली.’

घाबरलं की श्वास भरभर होतो, रक्तातला कार्बन डायऑक्साइड कमी होतो. मुंग्या आणि गरगरणं त्यातून येतं. म्हणून ‘मोठा श्वास घे’ हा सल्ला त्रास वाढवतो. श्वास मोठा नको, संथ हवा: नाकाने चार मोजेपर्यंत आत, सहा मोजेपर्यंत बाहेर. सराव शांत असताना, दिवसातून दोनदा, पाच-दहा मिनिटं. पण ‘श्वास मोजला म्हणून वाचले’ असं वाटू लागलं, तर मूळची भीती तशीच राहते.

म्हणून विचारांची नोंद महत्त्वाची. बाईंनी लिहिलं: ‘हार्ट अटॅक येतोय’, विश्वास 90 टक्के. बाजूने पुरावा: धडधड, छातीत दडपण, हृदयविकाराने गेलेले काका. विरुद्ध पुरावा: महिन्यापूर्वीच्या तपासणीत ईसीजी आणि थायरॉइड ठीक, आधीचे चारही झटके अर्ध्या तासात ओसरले. अशी तपासणी आधी झालेली असलीच पाहिजे. दुखणं नवं किंवा वेगळं वाटलं, तर तक्ता बाजूला ठेवून डॉक्टरांकडे जावं.

पर्यायी विचाराच्या रकान्यात बाईंनी आधी ‘काही होणार नाही’ असं लिहिलं. विश्वास 85. नुसत्या धीराच्या वाक्याने आकडा फारसा हलत नाही. मग त्यांनी लिहिलं: ‘धावले, उपाशी होते, म्हणून धडधडलं. घाबरून श्वास वाढला, म्हणून मुंग्या आल्या. वीस मिनिटांत उतरेल.’ विश्वास 50.

उरलेले 50 कागदावर जात नाहीत. डॉक्टरांची हरकत नाही हे विचारून समुपदेशकाने त्यांना खोलीतच एक मिनिट जागेवर पळायला लावलं, आणि त्यानंतर श्वास मोजायची मनाई केली. धडधड वाढली आणि आपोआप उतरली. बाईंनी त्याच ओळीत 50 खोडून 20 लिहिलं.