परत गेलेला कुर्ता, अडकलेले पैसे

नाशिकच्या ग्राहकाने सुरतच्या विक्रेत्याकडून ऑनलाइन मागवलेला कुर्ता घट्ट झाला आणि त्याने ‘रिटर्न’ नोंदवले, असे समजू. पाकीट न्यायला आलेला कुरिअरवाला अनेकदा दारातच टॅग, रंग, डाग तपासतो, फोटो काढतो आणि बारकोड स्कॅन करतो.

इथून उलटा प्रवास सुरू होतो. येताना एका गोदामातून हजारो पाकिटे एकत्र निघाली होती. परतीची मात्र दारोदार फिरून एकेक गोळा करावी लागतात. स्थानिक केंद्रात त्या दिशेचा माल साठला की तो ट्रकमध्ये चढतो. इथेच दिवस जातात.

सुरतेत पाकीट उघडले जाते. आत तोच कुर्ता, तोच साइज आहे का, तो वापरलेला-धुतलेला तर नाही ना, हे पाहून तो पुन्हा विक्रीला, सवलतीत किंवा टाकाऊ मालात जातो. काही पाकिटांतून भलतेच जुने कपडे निघतात. त्यामुळेच बरेच विक्रेते तपासणीआधी परतावा देत नाहीत. काही कंपन्या दारातल्या स्कॅनवरच पैसे सोडतात.

मंजुरीनंतरही कार्डावर रक्कम दिसायला काही दिवस लागतात.

पाकीट देण्यापूर्वी वस्तूचे व टॅगचे फोटो काढा, पिकअपची पावती जपा. वाद झाला तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा क्रमांक १९१५ आहे.