भार धावतो, पण ऊर्जा सुटते का?

निर्वातात सरळ रेषेत, एकाच वेगाने जाणारा विद्युतभार प्रारण सोडतो का? बी.एस्सी.च्या वर्गातल्या दोघांचा, ओंकार आणि केतकीचा, यावरून वाद जुंपलाय अशी कल्पना करू.

"भार जवळून गेला की विद्युतक्षेत्र बदलतं, चुंबकीय क्षेत्रही बदलतं," ओंकार म्हणतो. "दोन्ही बदलतायत म्हणजे लहर निघालीच की!"

"अरे, त्या भाराबरोबर त्याच वेगाने जाणाऱ्याला तो स्थिर दिसेल. स्थिर भार कसली लहर सोडणार?"

"पण मी जमिनीवर उभा आहे. मला इथली क्षेत्रं दाखव."

ओंकारचा हा हट्ट मला रास्त वाटतो, कारण खरी गंमत क्षेत्रांतच आहे. ऑलिव्हर हेविसाइडने १८८८-८९ मध्ये ती काढून दाखवली. केतकी वहीत भाराचा वेग प्रकाशाच्या ०.६ पट धरते. समान अंतरावर स्थिर भाराच्या तुलनेत विद्युतक्षेत्र वाटेच्या काटकोनात १.२५ पट भरतं, तर थेट पुढे आणि मागे ०.६४ पट. क्षेत्र असं चपटं होतं. तरी त्याच्या सगळ्या रेषा भार या क्षणी जिथे आहे, तिथूनच सरळ बाहेर जातात.

"आता ऊर्जा कुठे वाहते ते बघ. तिची दिशा विद्युतक्षेत्राशी काटकोनात असते. भाराभोवती गोल काढला, तर क्षेत्र त्रिज्येवर आणि ऊर्जेचा प्रवाह गोलाच्या पृष्ठभागालगत. बाहेर काहीच जात नाही."

"मग जाते कुठे?"

"मागून पुढे, पृथ्वीगोलावरच्या रेखावृत्तांसारखी. भार पुढे सरकतो, तशी भोवतालची ऊर्जाही त्याच्यासोबत सरकते."

ओंकार अंतर दुप्पट करून पाहतो. क्षेत्रं चौथाई होतात, ऊर्जेचा प्रवाह सोळावा हिस्सा उरतो, गोलाचं क्षेत्रफळ मात्र चौपटच वाढतं. प्रारणात क्षेत्रं फक्त निम्मी होतात, म्हणून कितीही दूर गेलं तरी बाहेर जाणारी ऊर्जा तेवढीच राहते. इथे तसं काहीच नाही. नुसती क्षेत्रं बदलली म्हणून प्रारण होत नाही, हे त्याला पटतं.

"आणि भार एकदम थांबला तर?"

केतकी नवी आकृती काढते. थांबल्यानंतर १० नॅनोसेकंदांत ती बातमी प्रकाशाच्या वेगाने ३ मीटरपर्यंत पोहोचते. त्याच्या आत रेषा थांबलेल्या भारातून निघतात. पलीकडच्या रेषा मात्र १.८ मीटर पुढच्या रिकाम्या जागेतून निघाल्यासारख्या दिसतात, कारण भार न थांबता तिथे पोहोचला असता. दोन्ही रेषा जोडायच्या तर मधल्या पातळ कवचात त्यांना आडवं वळावं लागतं. हे आडवं क्षेत्र अंतर दुप्पट झालं की फक्त निम्मं होतं. म्हणजे इथे प्रारण आहे.

क्ष-किरणांच्या नळीत वेगवान इलेक्ट्रॉन टंगस्टनमध्ये अडतात, तेव्हा बरेचसे क्ष-किरण असेच निघतात.