फोन तापला की गेम धूसर का होतो?

सेकंदाला 60 फ्रेम हव्या असतील, तर प्रत्येक फ्रेम साधारण 16.7 मिलिसेकंदांत तयार व्हावी लागते. धुमश्चक्रीत 20 लागले, तर काही गेम रिझोल्यूशन 1080 ओळींवरून 900 वर आणतात. पिक्सेल सुमारे 30 टक्के घटतात, वेळ सावरतो. क्षणभराचा हा बदल सहसा जाणवतही नाही.

हिंगोलीच्या मे महिन्यातली दुपार मात्र वेगळी. फोन तापला की चिप वेग कमी करते. मग रिझोल्यूशन 540 पर्यंत घसरून तिथेच राहू शकते, म्हणजे पिक्सेल जेमतेम चौथा हिस्सा! लांबचे गवत, तारा पुसट होतात.

स्कोअरची अक्षरे बहुधा पूर्ण रिझोल्यूशनवर वेगळी काढतात. ती ठळक, पण मागचे दृश्य धूसर असेल, तर कारण बहुतेक हेच. अशा वेळी 30 फ्रेम निवडा. प्रत्येक फ्रेमला 33 मिलिसेकंद मिळतात.