सुसज्ज सदनिकेचे भाडे : समाविष्ट वस्तूंच्या मूल्यांकनातून आकारणी

प्रस्तावना

पुणे-मुंबईसारख्या शहरांत सदनिका भाड्याने देताना 'अनफर्निश्ड', 'सेमी-फर्निश्ड' व 'फुली फर्निश्ड' असे तीन प्रकार सर्रास सांगितले जातात. बदलीच्या वा नव्या नियुक्तीच्या निमित्ताने शहरात येणाऱ्या प्राध्यापकास बहुधा यांपैकी शेवटच्या दोहोंतून निवड करावी लागते. दोन्हींच्या भाड्यांत जो फरक असतो, तो कोणत्या हिशोबावर आधारलेला आहे हे मात्र घरमालक सांगत नाही आणि भाडेकरूही विचारत नाही. हा फरक वस्तूंच्या मूल्यावरून कसा काढावा, याचे विवेचन प्रस्तुत लेखात एका उदाहरणाच्या आधारे केले आहे. उदाहरणातील रकमा व आयुर्मान गृहीत धरलेले आहेत. प्रत्यक्षात वाचकाने आपल्या परिस्थितीतील आकडे घ्यावेत.

कोणत्या वस्तू मोजावयाच्या?

प्रथम तुलनेचा पाया निश्चित केला पाहिजे. मॉड्युलर किचन, भिंतीत बसविलेली कपाटे, पंखे, दिवे व गिझर या वस्तू सहसा सेमी-फर्निश्ड सदनिकेतही असतात. त्यांचे मूल्य तिच्या भाड्यात आधीच सामावलेले असते. सुसज्ज सदनिकेची तुलना सेमी-फर्निश्ड सदनिकेशी करावयाची आणि कपाटे व किचन पुन्हा मोजावयाचे, असे केल्यास एकाच वस्तूचे दाम दोनदा आकारले जाते. म्हणून दोन्ही सदनिकांत सामाईक असलेल्या वस्तू वगळून उरलेल्यांचीच यादी करावी.

पुण्यातील कोथरूड भागात एका दोन शयनगृहांच्या सेमी-फर्निश्ड सदनिकेचे मासिक भाडे 24,000 रुपये आहे असे मानू. त्याच इमारतीतील तशाच सुसज्ज सदनिकेसाठी मालक 30,000 रुपये मागतो. त्याचा युक्तिवाद असा की, या वस्तू आज नव्या घ्यावयाच्या तर 2,16,000 रुपये लागतील आणि ही रक्कम तीन वर्षांत, म्हणजे 36 महिन्यांत, वसूल व्हावयास हवी. भागाकार बरोबर 6,000 येतो.

या युक्तिवादात दोन दोष आहेत. वस्तू नव्या नसून चार वर्षे वापरलेल्या आहेत, हा पहिला. दुसरा असा की, तीन वर्षांनंतरही त्या मालकाकडेच राहणार असून त्यांचे आयुष्य संपलेले नसेल. भाडेकरू वस्तू विकत घेत नाही. तिच्या आयुष्यातील काही महिन्यांची सेवा घेतो. त्यामुळे दाम त्या सेवेचे ठरवावयास हवे.

सेवेच्या खर्चाचा हिशोब

त्यासाठी प्रत्येक वस्तूची तीच प्रत आज नवी घेतल्यास पडणारी किंमत, तिचे एकूण आयुर्मान व आजवरचा वापर या तीन गोष्टी लागतात. जुन्या पावतीवरील किंमत येथे फारशी उपयोगाची नाही, कारण भाडेकरूपुढील पर्याय आजच्या बाजारातला असतो. उदाहरणातील वस्तूंचे दोन गट पुढीलप्रमाणे आहेत.

| गट | नवी किंमत | आयुर्मान | वापर | उर्वरित मूल्य |
|---|---|---|---|---|
| फ्रिज, वॉशिंग मशीन, टीव्ही, एक एसी | 1,20,000 | 10 वर्षे | 4 वर्षे | 72,000 |
| पलंग, सोफा, जेवणाचे टेबल | 96,000 | 12 वर्षे | 4 वर्षे | 64,000 |

उर्वरित मूल्य सरळ रेषेच्या घसारा पद्धतीने काढले असून भंगाराची किरकोळ किंमत सोडून दिली आहे. एकूण उर्वरित मूल्य 1,36,000 रुपये होते.

आता मालकाचा वार्षिक खर्च पाहू. पहिल्या गटाचा घसारा 12,000 व दुसऱ्याचा 8,000, मिळून 20,000 रुपये. या वस्तूंत अडकलेल्या 1,36,000 रुपयांवर 8 टक्के दराने व्याज धरल्यास 10,880 रुपये. एसीची सफाई, वॉशिंग मशीनची दुरुस्ती इत्यादींसाठी 6,000 रुपये. एकूण 36,880 रुपये, म्हणजे दरमहा सुमारे 3,070 रुपये. वर्षातून एक महिना सदनिका रिकामी राहते असे मानून हाच खर्च अकरा महिन्यांवर वाटला, तरी तो सुमारे 3,350 पर्यंतच जातो. मालकाची मागणी याच्या जवळजवळ दुप्पट आहे.

भाडेकरूची कमाल मर्यादा

मालकाचा खर्च ही या व्यवहाराची खालची मर्यादा होय. वरची मर्यादा भाडेकरूच्या पर्यायावर अवलंबून असते. त्याने याच वस्तू नव्या घेऊन जाताना विकल्या तर त्याला काय खर्च येईल?

पाच वर्षे राहणाऱ्या भाडेकरूला शेवटी एक-पंचमांश, म्हणजे 43,200 रुपये, परत मिळतील असे धरू. घट 1,72,800 रुपये, म्हणजे दरमहा 2,880. सरासरी गुंतवणुकीवरील व्याज दरमहा सुमारे 860 व दुरुस्ती 500. एकूण सुमारे 4,240 रुपये. अकरा महिनेच राहणाऱ्याची स्थिती अगदी निराळी असते. नवी वस्तू घरी आली की तिची विक्रीची किंमत एकदम घसरते. निम्मी रक्कम परत मिळाली तरी 1,08,000 रुपये अकरा महिन्यांत बुडतात. व्याजासह हा भार दरमहा सुमारे 10,900 रुपये होतो.

6,000 रुपयांची मागणी एकास परवडते व दुसऱ्यास परवडत नाही, याचे कारण येथे स्पष्ट होते. अल्पकाळ राहणाऱ्याने ती मान्य केली तर तो फसला असे म्हणता येत नाही. मात्र 3,350 ते 10,900 या पट्ट्यात घासाघीस करण्यास वाव आहे, हे त्याला ठाऊक असावे. दीर्घकाळ राहणाऱ्याने सेमी-फर्निश्ड सदनिका घेऊन स्वतः खरेदी करावी. तसेच भाडेकरूकडे स्वतःचा फ्रिज वा पलंग असेल, तर मालकाच्या त्या वस्तूचे मूल्य त्याच्या दृष्टीने शून्य होय.

करारातील दोन काळजीच्या जागा

पहिली जागा भाडेवाढीची. लिव्ह अँड लायसन्स कराराच्या नूतनीकरणाच्या वेळी संपूर्ण रकमेवर सरसकट टक्केवारीने वाढ मागितली जाते. जागेचे भाडे वाढणे समजू शकते, परंतु वस्तू एक वर्षाने जुन्या झालेल्या असतात. आपल्या उदाहरणात दुसऱ्या वर्षी उर्वरित मूल्य 1,16,000 वर येते, व्याज 9,280 होते आणि इतर बाबी स्थिर राहिल्यास मासिक खर्च सुमारे 2,940 पर्यंत उतरतो. म्हणून जागेचा व वस्तूंचा आकार करारात वेगळा दाखवावा आणि वाढ केवळ जागेच्या आकारावर लागू करावी. मालकाने एखादी वस्तू नवी आणली, तर त्या वस्तूपुरता आकार पुन्हा काढावा.

दुसरी जागा अनामत रकमेची. महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, 1999 च्या कलम 55 नुसार असा करार लेखी व नोंदणीकृत असणे आवश्यक आहे. त्याच करारास वस्तूंची यादी परिशिष्ट म्हणून जोडता येते. यादीत प्रत्येक वस्तूची सद्यःस्थिती, नवी किंमत, वापराची वर्षे व उर्वरित मूल्य नमूद करावे. नेहमीच्या वापराची झीज घसाऱ्याच्या रूपाने भाड्यात भरली गेलेली असते. ती अनामतीतून पुन्हा कापणे योग्य नाही. भाडेकरूच्या हातून 40,000 रुपयांचा, चार वर्षे वापरलेला एसी निकामी झाला, तर उर्वरित मूल्याच्या न्यायाने भरपाई 24,000 रुपये होते, नव्या एसीची किंमत नव्हे. हे मूल्य आधी लिहिलेले नसेल, तर सदनिका सोडतेवेळी वाद नव्या किमतीवरूनच सुरू होतो.

निष्कर्ष

या पद्धतीची मर्यादा म्हणजे आयुर्मानाचा अंदाज. एसीचे आयुष्य दहाऐवजी आठ वर्षे धरल्यास आकडे बदलतात. त्यामुळे आलेल्या उत्तराचा पडताळा त्याच इमारतीतील वा गल्लीतील दोन्ही प्रकारच्या सदनिकांच्या प्रत्यक्ष भाड्यांशी घ्यावा. मात्र त्यांत मजला, पार्किंग वा नूतनीकरण यांचा फरक नाही, हे पाहावे. असा फरक नसूनही बाजारातील तफावत हिशोबाहून बरीच अधिक असेल, तर ती वस्तूंची नसून अल्पकालीन भाडेकरूच्या निकडीची किंमत आहे, असे समजावे.