गाणं सापडतं, अल्बम सापडत नाही

लेनर्ड कोहेनचं ‘हालेलुया’ स्ट्रीमिंगवर शोधलं, तर ‘व्हेरियस पोझिशन्स’ हा 1984 चा मूळ अल्बम पुढे येतो. पण तुम्हाला हवंय ते जॉन केलने गायलेलं. अशा वेळी म्युझिकब्रेन्झ या खुल्या सूचीत ‘Work’ हा प्रकार निवडून Hallelujah शोधावं. याच नावाची बरीच गाणी आहेत, म्हणून रचनाकार कोहेनच आहे ना, हे आधी बघावं. त्या पानावर गाण्याची नोंदलेली ध्वनिमुद्रणं गायकांसह दिसतात. केलचं स्टुडिओतलं ध्वनिमुद्रण उघडलं की ते असलेले अल्बम कळतात. त्यातच 1991 चा ‘आय’म युअर फॅन’ हा कोहेनला मानवंदना देणारा संग्रह भेटतो. केलच्याच ‘फ्रॅग्मेंट्स ऑफ अ रेनी सीझन’मध्येही हे गाणं आहे, पण ते मैफलीतलं. शेवटी टाळ्या ऐकू आल्या तर हा दुसरा अल्बम समजावा.