दुकानाची गाडी विकताना बिल कितीचे?

धंद्याच्या नावावरची जुनी गाडी विकताना बहुतेक व्यापारी आरटीओचे फॉर्म २९ आणि ३० सह्या करून देतात, पैसे खात्यात आले की व्यवहार मिटला असे धरतात. विक्रेत्याची जीएसटी नोंदणी असेल, तर तो मिटलेला नसतो. ही विक्री धंद्याचीच ठरते. तिचे बिल करावे लागते, मग घेणारा घरगुती वापरासाठी गाडी घेणारा नोकरदार का असेना. (नोंदणी नसलेल्या माणसाने स्वतःची गाडी विकली, तर जीएसटीचा प्रश्नच येत नाही.)

समजा, सांगलीच्या एका हार्डवेअरवाल्याने मे २०२१मध्ये दुकानाच्या नावाने करासकट ८,००,००० रुपयांची कार घेतली आणि डिसेंबर २०२५मध्ये ती ४,६०,०००ला विकायची ठरवली. बिलावर कर किती लावायचा?

आधी एकच गोष्ट तपासायची: खरेदीच्या वेळी भरलेल्या जीएसटीचे इनपुट क्रेडिट घेतले होते का? दुकानाच्या कामासाठी घेतलेल्या साध्या कारवर कायदा ते देतच नाही. त्यामुळे इथे क्रेडिट घेतलेले नाही, आणि म्हणूनच कर पूर्ण किमतीवर न लागता फक्त फरकावर लागतो. हा फरक खरेदी आणि विक्रीच्या किमतींमधला नाही. आयकरात घसारा घेतला असेल, तर विक्रीची किंमत वजा घसारा जाऊन उरलेली किंमत, असा तो काढतात.

कारचा घसारा दरसाल १५ टक्के, उरलेल्या किमतीवर. आठ लाखांचे पहिल्या वर्षाअखेर ६,८०,००० राहिले, मग ५,७८,०००, मग ४,९१,३०० आणि ३१ मार्च २०२५ला ४,१७,६०५. विक्रीच्या वर्षाचा घसारा या गाडीवर मिळत नाही, म्हणून हाच आकडा धरायचा. फरक आला ४२,३९५. त्यावर १८ टक्के, म्हणजे साधारण ७,६३१ रुपये कर.

हा १८ टक्क्यांचा दर जैसलमेरला डिसेंबर २०२४मध्ये झालेल्या जीएसटी परिषदेत ठरला आणि जानेवारी २०२५मध्ये लागू झाला. त्याआधी लहान गाड्यांना १२ टक्के होता. तेव्हा ‘तोट्यात विकली तरी कर’ अशी आवई उठली होती, ती चुकीची. हीच कार चार लाखांना गेली असती तर फरक उणे आला असता आणि कर शून्य.

बिलात गाडीचा नोंदणी क्रमांक, चॅसी आणि इंजिन नंबर, विक्रीची किंमत ४,६०,०००, करपात्र मूल्य ४२,३९५ आणि त्यावर सीजीएसटी व एसजीएसटी निम्मे-निम्मे दाखवायचे. सवयीने पूर्ण ४,६०,०००वर १८ टक्के लावले, तर कर ८२,८०० होतो आणि गिऱ्हाईक हातचे जाते. कर किमतीच्या वर घ्यायचा की आतच, हे मात्र सौदा ठरतानाच बोलून घ्यावे.

मालवाहू टेम्पोची गोष्ट वेगळी. त्याचे क्रेडिट मिळते आणि बहुतेकांनी ते घेतलेलेही असते. मग फरकाची सवलत नाही. टेम्पो अडीच लाखांना विकला तर पूर्ण रकमेवर ४५,००० कर. शिवाय खरेदीच्या वेळी घेतलेल्या क्रेडिटमधून दर तिमाहीला ५ टक्के कमी करत गेल्यावर जे उरते, त्याच्याशी हा कर ताडून पाहायचा आणि जास्त असेल तो भरायचा. टेम्पो नवा असतानाच विकला, तर हा दुसरा आकडा मोठा निघू शकतो.

आता वह्या. सगळ्यात जास्त दिसणारी चूक म्हणजे आलेले ४,६०,००० मालाच्या विक्रीत जमा करणे. त्याने उलाढाल फुगते आणि विकलेली गाडी ताळेबंदात उभीच राहते. गाडीच्या खात्याला ४,१७,६०५ जमा करून ते बंद करायचे. उरलेले ४२,३९५ ‘वाहन विक्रीवरील नफा’ या खात्यात जातात. वसूल केलेला जीएसटी सरकारचा देणे असतो, तो नफ्यात येत नाही. गाडीवरचे कर्ज फेडायला गेलेली रक्कमही नफातोटा बदलत नाही.

आयकर मात्र हा नफा तसाच धरत नाही. तिथे १५ टक्क्यांच्या सगळ्या वस्तूंचा एकच गट असतो; कार, दुकानातले वजनकाटे, कटिंग मशीन सगळे त्यात. समजा गटाची शिल्लक ९,००,००० आहे. त्यातून विक्रीचे ४,६०,००० वजा होतात आणि उरलेल्या ४,४०,०००वर घसारा चालू राहतो. वह्यांतले ४२,३९५ उत्पन्नाच्या हिशेबातून काढून टाकतात, त्यावर त्या वर्षी वेगळा कर नाही. गटाच्या या पद्धतीमुळे एकट्या गाडीची उरलेली किंमत आयकराच्या तक्त्यात दिसत नाही. जीएसटीसाठी तीच लागते, म्हणून प्रत्येक गाडीचा घसारा खरेदीपासून वेगळ्या कागदावर मांडून ठेवावा.

गटात कारशिवाय काहीच नसेल, तर चित्र पालटते. गट रिकामा होतो आणि ४२,३९५ हा अल्पकालीन भांडवली नफा म्हणून त्याच वर्षी करपात्र ठरतो. कार चार लाखांना गेली असती तर १७,६०५चा भांडवली तोटा झाला असता, आणि तो दुकानाच्या नफ्यातून वजा करता आला नसता. फक्त दुसऱ्या एखाद्या भांडवली नफ्यातूनच.