अंगठा उमटला, पण समजलं का?

सकाळचे साडेदहा. ओसरीवर पंचाहत्तरीच्या आजी शेंगा फोडत बसल्या आहेत. आरोग्य सर्वेक्षणासाठी आलेली मुलगी समोर सतरंजीवर बसते, पिशवीतून तीन पानी कागद काढते आणि वाचू लागते. 'सदर अभ्यासातील आपला सहभाग पूर्णतः ऐच्छिक असून आपणाकडून प्राप्त होणारी माहिती गोपनीय ठेवण्यात येईल व आपण कोणत्याही टप्प्यावर कोणतेही कारण न देता अभ्यासातून माघार घेऊ शकता.' आजी मान डोलावत राहतात. वाचून झाल्यावर मुलगी विचारते, "आजी, समजलं का?" आजी "हो" म्हणतात आणि अंगठा पुढे करतात. मग हळूच विचारतात, "पोरी, आता आमचा पगार वाढायचा का गं?"

पगार म्हणजे श्रावणबाळ योजनेचे दरमहा मिळणारे पैसे. त्यांचा या मुलाखतीशी काहीएक संबंध नाही. प्रसंग प्रातिनिधिक आहे, पण ज्यांनी ज्येष्ठांच्या घरी जाऊन प्रश्नावल्या भरल्या आहेत त्यांना तो ओळखीचा वाटेल. कागदोपत्री पाहिले तर सगळे चोख झाले. मराठीतले संमतीपत्र वाचून दाखवले, अंगठा घेतला, तारीख टाकली. मात्र आजींनी संमती दिली ती वेगळ्याच गोष्टीला.

भारतात माणसांवरील आरोग्य संशोधनासाठी भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेची २०१७ सालची नैतिक मार्गदर्शक तत्त्वे आहेत. संशोधनाची माहिती त्या व्यक्तीला समजेल अशा भाषेत द्यावी, विचार करायला वेळ द्यावा आणि मगच सही घ्यावी, असे ती सांगतात. हा नियम केवळ औषधांच्या चाचण्यांसाठी नाही. सुई टोचायची नसली, नुसते प्रश्न विचारायचे असले तरी तो लागू आहे. झोप कशी लागते, लघवीवर ताबा राहतो का, सून जेवण वेळेवर देते का, कधी जगणे नकोसे वाटते का, हे प्रश्न ऐकायला निरुपद्रवी वाटतात. उत्तर सुनेच्या किंवा शेजारणीच्या कानावर गेले, तर आजींचे पुढचे सहा महिने अवघड होऊ शकतात. मुलाखतीच्या अभ्यासातली जोखीम बहुधा अशीच असते.

मराठी संमतीपत्र अवघड होते त्याचे मूळ ते तयार करण्याच्या पद्धतीत आहे. आधी इंग्रजी मसुदा होतो, त्याचे मराठी भाषांतर होते. ते पुन्हा इंग्रजीत करून मूळ मसुद्याशी ताडून पाहतात. दोन्ही इंग्रजी मजकूर जुळले की भाषांतर बरोबर असल्याचा दाखला मिळतो. 'गोपनीय' या शब्दाचे उलट भाषांतर अगदी अचूक होते, म्हणून तो शब्द पास होतो. तो आजींना कळतो का, हे या पद्धतीत कुठेच तपासले जात नाही. वाचनसुलभता मोजण्याची जी प्रसिद्ध इंग्रजी सूत्रे आहेत ती इंग्रजी शब्दांच्या लांबीवर बेतलेली; मराठीला ती जशीच्या तशी लावण्यात अर्थ नाही.

वर दिलेले ते एक लांबलचक वाक्यच सुटे करून पाहू. त्यात तीन वचने कोंबलेली आहेत.

पहिले 'ऐच्छिक'. त्याजागी असे लिहिता येईल: 'बोलायचं की नाही हे तुम्ही ठरवायचं. नाही म्हणालात तरी चालेल. तुमचा पगार, रेशन, सरकारी दवाखान्यातली औषधं आहेत तशीच चालू राहतील. आणि हो म्हणालात म्हणून पगार वाढणारही नाही.' एका शब्दाची चार वाक्ये झाली. सोपे म्हणजे छोटे, हा समज इथे सोडून द्यावा लागतो. संमतीपत्र दोन पानांत बसवायच्या हट्टापायी पुष्कळदा नेमका हाच भाग कापला जातो. मुलाखतकाराच्या गळ्यात ओळखपत्र असते, पिशवीत रक्तदाब मोजायचे यंत्र असते. त्यामुळे ही मंडळी सरकारी दवाखान्यातून उपचारासाठी आली आहेत, असे वाटणे स्वाभाविक आहे. 'यातून तुम्हाला औषध किंवा पैसे मिळणार नाहीत' हे वाक्य पहिल्या पानावर वरच्या भागातच हवे. शेवटच्या पानावर 'भविष्यात समाजास लाभ होईल' या गोड वाक्याच्या आड ते लपवू नये. रक्तदाब जास्त निघाला तर काय करणार, हेही सांगावे: 'आम्ही तुम्हाला सांगू आणि प्राथमिक आरोग्य केंद्रासाठी चिठ्ठी देऊ.'

दुसरे 'गोपनीय'. इथे सोपेपणाच्या भरात खोटे बोलले जाण्याचा धोका आहे. 'कोणालाही सांगणार नाही' हे वाक्य सोपे आहे, पण खरे नाही. अभ्यासातले वरिष्ठ कागद पाहतात, नैतिकता समितीही तपासणीसाठी पाहू शकते. म्हणून असे लिहावे: 'तुम्ही सांगितलेलं घरात किंवा गावात कोणाला सांगणार नाही. उत्तरांच्या कागदावर तुमचं नाव नसेल, एक नंबर असेल. कोणता नंबर कोणाचा, ती यादी वेगळी कुलपात राहील. या कामातली मोजकी माणसं तुमचे कागद पाहू शकतील.' एक अपवादही आधीच सांगून ठेवायला हवा: 'तुमच्या जिवाला धोका आहे असं आम्हाला वाटलं, तर तुमच्याशी बोलून मदत करणाऱ्या माणसाला कळवू.' जगणे नकोसे झाल्याचे आजींनी सांगून झाल्यावर हा अपवाद काढणे म्हणजे दिलेला शब्द मोडणे.

तिसरे 'माघार'. हा शब्द निवडणुकीच्या बातम्यांतला. 'दमलात तर थांबा म्हणा. एखादा प्रश्न नको वाटला तर पुढचा विचार म्हणा' एवढ्याने काम होते. आधी दिलेली उत्तरे काढून टाकता येतील का, हे मात्र स्पष्ट लिहावे लागते. नावांची यादी एकदा नष्ट केली की कोणते उत्तर कोणाचे हे सापडत नाही, म्हणून कोणत्या तारखेपर्यंत कळवायचे ती तारीखच द्यावी.

असा कागद टेबलावर बसून लिहून भागत नाही. अभ्यासात नसलेल्या पाच-सहा ज्येष्ठांना तो आधी वाचून दाखवावा आणि वाक्यागणिक विचारावे, यातून तुम्हाला काय कळले. जिथे दोघे अडतात तिथे शब्द वाईट आहे असे धरून चालावे. बदललेला मजकूर पुन्हा नैतिकता समितीकडून मंजूर करून घ्यावा लागतो. म्हणूनच अशा कागदाच्या तळाशी आवृत्तीचा क्रमांक आणि तारीख असते. आळस होतो तो इथे. मंजुरीसाठी पुन्हा महिना जाईल म्हणून जुनाच कागद वापरतात आणि 'मुलगी तोंडी समजावून सांगेल' यावर सोडून देतात. मग प्रत्येक मुलगी वेगळे सांगते.

अक्षराचा आकार हा किरकोळ मुद्दा नाही. साठीनंतर जवळचे वाचताना अनुस्वार, रफार आणि जोडाक्षरांतले बारकावे आधी हरवतात. सोळा-अठरा पॉइंटचे ठळक अक्षर, ओळींत मोकळी जागा आणि बिनचकाकीचा कागद एवढे तरी हवेच. कानाचे दुखणे याहून अवघड. वयाबरोबर येणाऱ्या बहिरेपणात आधी उंच पट्टीचे आवाज जातात, त्यामुळे स, फ, थ यांसारखी व्यंजने निसटतात. 'ऐकू येतं, पण कळत नाही' ही ज्येष्ठांची तक्रार खरीच असते. ओरडल्याने ती फारशी सुटत नाही. खालच्या पट्टीत, सावकाश, तोंडावर उजेड पडेल असे समोर बसून बोलावे लागते. शिवाय ओसरीवर ओरडून विचारलेला प्रश्न चार घरांना ऐकू जातो. कुलपातल्या यादीचे वचन मग कुलपातच राहते. अशा वेळी आतल्या खोलीत जावे, नाहीतर दुसऱ्या दिवशी यावे.

एवढे करूनही "समजलं का?" हा प्रश्न निरुपयोगी ठरतो. पाहुण्या मुलीला "नाही" म्हणायचे आजींच्या जिवावर येते. त्याऐवजी असे विचारावे: "आजी, मी नीट सांगितलं का, ते मला बघायचंय. संध्याकाळी मुलानं विचारलं, ती पोरगी कशाला आली होती, तर काय सांगाल?" या विचारण्यात परीक्षा सांगणाऱ्याची होते, ऐकणाऱ्याची नाही. उत्तरात चार गोष्टी याव्यात: काय विचारणार, फायदा काय नाही, 'नाही' म्हटले तर काय होईल आणि कोण ऐकेल. एखादी राहिली तर तेवढीच दुसऱ्या शब्दांत पुन्हा सांगावी. दोन-तीनदा सांगूनही 'पगार वाढवायला आली होती' असेच उत्तर आले, तर त्या दिवशी मुलाखत घेऊ नये.

वार किंवा तारीख चुकली म्हणून आजींना निर्णय घेता येत नाही, असे ठरवणेही चूक. क्षमता पाहायची ती या एका निर्णयापुरती, आणि ती दिवसभर सारखी नसते; संध्याकाळी गोंधळणारे माणूस सकाळी चहानंतर नीट बोलते. विसरणाऱ्या सगळ्यांना वगळले, तर ज्येष्ठांच्या आरोग्याच्या अभ्यासातून जास्त आजारी तेच गळतात. दुसरीकडे घरातला मुलगा म्हणतो, "आई माझीच आहे, द्या इकडे, मी सही करतो." त्याच्याशी आदराने बोलावे, त्यालाही माहिती द्यावी. पण आईला निर्णय घेता येत असेल तर त्याची सही चालत नाही. कायदेशीर प्रतिनिधीची सही तिला ते खरोखर शक्य नसेल तेव्हाच, आणि तेव्हाही तिची नाराजी दिसली तर थांबायचे.

लिहिता-वाचता न येणाऱ्यांसाठी अंगठ्याबरोबर साक्षीदार लागतो. तो साक्षर हवा, अभ्यासाशी संबंध नसलेला हवा आणि समजावणे सुरू झाल्यापासून तिथे हजर हवा. पुष्कळदा शेवटी आशाताईंना हाक मारून सही घेतली जाते. आशाताई गावात विश्वासाच्या असतात, हीच अडचण आहे. ज्यांच्याकडून औषधाच्या गोळ्या मिळतात त्यांच्यासमोर आजी नकार कसा देतील? शेजारची बारावीची मुलगी बरी. समजावणे संपून अंगठा झाला की तिने जावे, प्रश्नांना थांबू नये.

त्याच ओसरीवर नव्या कागदानिशी पुन्हा गेले, तर साधारण असे घडते. मुलगी आजींना आतल्या खोलीत घेऊन बसते. वाचायला आणि बोलायला वीस-पंचवीस मिनिटे लागतात. अंगठा म्हटल्यावर आजी दचकतात. मागे सोसायटीच्या कागदावर दिलेला अंगठा त्यांना आठवतो. हा जमिनीचा किंवा कर्जाचा कागद नाही, हे वाक्य त्यात आहेच. ते दोनदा वाचून होते. मग आजी आपल्या शब्दांत सांगतात, "तुम्ही माझ्या दुखण्याचं, झोपेचं विचारणार. पैसं न्हाई मिळायचं. सुनंला सांगणार न्हाई. नको वाटलं तर गप बसायचं." आवाज यंत्रात भरून घेण्यासाठी कागदावर वेगळा चौकोन आहे. त्यावर त्या म्हणतात, "आवाज नको बाई. लिहून घे काय ते." मुलगी 'नाही'च्या चौकोनात खूण करते, अंगठा घेते, साक्षीदाराची सही घेते. एक प्रत आजी रेशनकार्डाच्या पिशवीत ठेवतात. तिच्यावर संशोधकाचा आणि नैतिकता समितीचा फोन नंबर मोठ्या आकड्यांत आहे. यंत्र पिशवीत परत जाते आणि मुलगी वही उघडते.